पुस्तक अर्ध्यात असताना अनुवादकाचं काम थांबवायचं: 'झालेल्या भागाचेच पैसे' म्हणजे नक्की किती?

मिरजेचा_मुक्काम

नमस्कार मंडळी. आमचं घरगुती प्रकाशन आहे, मी आणि बायको मिळून वर्षाला चार-पाच पुस्तकं काढतो. भूजलावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचे मराठी हक्क आम्ही घेतले. १८ प्रकरणं, साधारण ९६,००० शब्द. मूळ प्रकाशकाशी केलेल्या करारात २४ महिन्यांत मराठी आवृत्ती बाजारात आणायची अट आहे, नाहीतर हक्क परत जातात. त्यातले १४ महिने संपले.

अनुवाद एका ताईंकडे दिला. लेटरहेडवर एक पानी पत्र केलं: प्रतिशब्द ७० पैसे, अंदाजे एकूण ६७,२०० रुपये, २०,००० आगाऊ, मुदत १० महिने. आजपर्यंत हातात आठ प्रकरणं आली. पहिली सहा आम्ही वाचली, दुरुस्त्या केल्या, पक्की केली. सातवं-आठवं आलंय पण वाचून झालेलं नाही. नववं निम्मं झालंय असं त्या म्हणतात. मध्ये त्यांच्या घरी आजारपण होतं, ते मला मान्य आहे. पण या वेगाने पुस्तक वेळेत होणार नाही. म्हणून दुसऱ्या अनुवादकाला द्यायचं ठरवलंय.

प्रश्न पैशाचा आहे. पक्क्या सहा प्रकरणांचे मराठी शब्द भरले २५,४००. त्याचे १७,७८० रुपये होतात. आगाऊ दिलेत २०,०००. म्हणजे हिशोबाने त्यांच्याकडूनच २,२२० येणं निघतं. ते मागावेत का? मागायला जीव होत नाही, पण छोट्या प्रकाशकाला दोन हजारही दोन हजारच असतात. अनुभवी लोकांनी सांगावं.

सांगलीकर_जुना

मागू नका आणि देऊही नका. पत्र पाठवा, 'काम थांबवले आहे, आगाऊ रकमेत हिशोब पूर्ण' आणि विषय संपवा. मी दोनदा असंच केलंय, कोणी काही बोललं नाही.

मीनल_ठाणे

कोणी बोललं नाही याचा अर्थ बरोबर होतं असा नाही, काका. अनुवादक बोलत नाहीत, कारण पुढचं काम जाईल अशी भीती असते. मी अकरा वर्षं अनुवाद करते आहे.

धागाकर्ते, दोन गोष्टी विचारते. सातवं आणि आठवं प्रकरण तुमच्याकडे कधी आलं? आणि वाचून का झालं नाही? माल घरात येऊन पडलाय आणि आपण गोणी उघडली नाही, म्हणून दुकानदाराला 'माल आलाच नाही' म्हणता येत नाही ना?

दुसरं, पहिल्या दोन प्रकरणांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पुढची चार होतात. लेखकाचा सूर सापडायचा असतो, संज्ञा ठरवायच्या असतात. तो सगळा वेळ त्यांनी घातला. आता कुठे हात बसला असेल आणि तुम्ही थांबवताय. शब्दावर मोजलं तरी सुरुवातीच्या भागाचे पैसे कमीच पडतात.

मिरजेचा_मुक्काम

@मीनल, खरं सांगतो. दोन्ही प्रकरणं येऊन अकरा आठवडे झाले. दिवाळी अंकाच्या कामात आम्ही बुडालो होतो. त्यांनी मध्ये दोनदा विचारलं होतं, मी 'बघतो' म्हणालो. हे लिहिताना मलाच बरं वाटत नाहीये.

आनंद_देव

धीर सोडू नका. अर्ध्यात काढून टाकणं हा सरळ अन्याय आहे. माझ्या वडिलांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या वेळी आम्हीही असंच सोसलं. हक्काचे पैसे सोडू नका, लेखी मागा, पोचपावती ठेवा.

फर्मा_सोळा

@आनंदराव, धागाकर्ते प्रकाशक आहेत, अनुवादक नाहीत. पण सल्ला वाया जात नाही, ताईंना पाठवता येईल. 🙂

मी अक्षरजुळणी करतो, तीस वर्षं झाली. मला हिशोबातच एक गोष्ट खटकली. तुम्ही मोजणी मराठी शब्दांवर केलीत. पत्रात कुठले शब्द धरायचे ते लिहिलंय का? मूळ इंग्रजी की मराठी?

मिरजेचा_मुक्काम

नाही, फक्त 'प्रतिशब्द' असं आहे. पुस्तक मराठीत निघणार, म्हणून मी मराठी शब्द धरले.

फर्मा_सोळा

मग पत्राचाच आधार घेऊ. तुम्ही अंदाजे एकूण ६७,२०० लिहिलंत. त्याला ७० पैशांनी भागा: ९६,०००. हा आकडा मूळ इंग्रजी पुस्तकाचा, तुम्हीच वर दिलाय. म्हणजे पत्र करताना दोघांच्याही डोक्यात इंग्रजी शब्द होते. आता काम थांबवताना मराठीवर येणं म्हणजे खेळ अर्ध्यावर आल्यावर मैदान आखूड करणं.

आणि फरक थोडाथोडका नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'इन द वेल' हे तीन शब्द, 'विहिरीत' हा एक. माझ्याकडे येणाऱ्या माहितीपर पुस्तकांत शंभर इंग्रजी शब्दांचे मराठीत ८०-८५ होतात. तुमच्या सहा प्रकरणांचे इंग्रजी शब्द किती?

मिरजेचा_मुक्काम

आत्ताच मोजले. पहिली सहा मिळून ३१,०००. सातवं ५,२००, आठवं ४,८००.

फर्मा_सोळा

म्हणजे आठ प्रकरणं ४१,००० शब्द. सत्तर पैशांनी २८,७००. त्यातून आगाऊ २०,००० वजा केले की राहतात ८,७००. तेही तुम्ही द्यायचे, त्यांनी नव्हे.

रेवा_प

बाप रे! २,२२० मागायला निघालेला माणूस ८,७०० देणं लागतो.

अनुप_लाइपझिग

थोडं अवांतर. मी जर्मनीत राहतो, जर्मनमधून मराठीत अनुवाद करतो. इथे साहित्याच्या अनुवादात मोजणी मूळ मजकुरावर नाही, तयार अनुवादाच्या प्रमाणित पानावर करतात: पानात ३० ओळी, ओळीत जास्तीत जास्त ६० अक्षरं. म्हणजे धागाकर्त्यांना वाटलं ते अगदीच जगावेगळं नाही. इथले अनुवादक संघटना आणि प्रकाशक यांच्यातल्या नमुना करारावर काम करतात, त्यामुळे काय मोजायचं हा वाद सहसा उरत नाही. पत्रात हे लिहायला हवं होतं एवढंच.

सांगलीकर_जुना

सगळे ताईंच्या बाजूने बोलताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ७० पैशांत फक्त पहिला खर्डा येत नाही. त्यात शेवटी संपूर्ण पुस्तकावरून एक हात फिरवणं येतं, एक मुद्रित वाचणं येतं. ते त्या आता करणार नाहीत. ते काम नवा अनुवादक करील नाहीतर मी करीन. मी अशा वेळी १०-१५ टक्के कापतो. यात अन्याय काय?

मीनल_ठाणे

हे पत्रात असेल तर कापा. नसेल तर तो तुमचा रिवाज झाला, करार नव्हे. आणि कापायचंच तर समोरच्याला दाखवून, त्याला मान्य असेल तर. चेक हातात पडल्यावर कळू नये.

पण काकांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. एकसारखेपणाचं काम शेवटीच होतं आणि ते जड असतं.

वकीलतात्या

नमस्कार. मी प्रकाशन क्षेत्रातला नाही, पण करार आणि कॉपीराइट यांची प्रकरणं चालवली आहेत. सर्वसाधारण बोलतो, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

पहिली गोष्ट, उशिराची. मुदत १० महिन्यांची होती. ती टळल्यावरही तुम्ही प्रकरणं घेतलीत का? घेतली असतील तर घेताना 'उशिराबद्दल भरपाई मागण्याचा आमचा हक्क राखून' असं काही कळवलंत का? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ सांगतं की ठरलेल्या वेळेनंतर केलेलं काम तुम्ही स्वीकारलं आणि स्वीकारतानाच तशी सूचना दिली नाही, तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'चालेल ताई, सावकाश करा' असं लिहिलं असेल तर उशिराच्या नावाने पैसे कापणं अवघड आहे.

पुढची प्रकरणं थांबवण्यापासून याने तुम्हाला कोणी अडवत नाही. पण पत्रात काम मध्येच थांबवायचं कलम नसेल, तर आधी लेखी नवी तारीख द्यावी, ती टळली तर थांबवावं. नाहीतर करार तुम्हीच मोडलात असं त्या म्हणू शकतात आणि उरलेल्या कामाचा बुडालेला नफा मागू शकतात.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे आणि धाग्यावर अजून कोणी काढली नाही. ती आठ प्रकरणं छापायचा हक्क तुमच्याकडे आहे का?

मिरजेचा_मुक्काम

तात्या, 'चालेल' मी दोनदा लिहिलंय. सातव्या-आठव्याच्या वेळीच.

हक्काचं असं की पत्रात शेवटची ओळ आहे, 'अनुवादाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' त्यांनी मेलवर 'मान्य आहे' असं उत्तर दिलं होतं. पत्रावर सही माझी आहे, त्यांची नाही.

सांगलीकर_जुना

पैसे दिले की हक्क आपला. त्यात एवढं काय?

वकीलतात्या

@सांगलीकर, इथेच बहुतेक जण अडकतात. अनुवाद हा स्वतंत्र कॉपीराइट असलेला मजकूर आहे. नोकरीत असताना केला तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या माणसाने कंत्राटावर केला तर पहिला मालक तो अनुवादक. त्याच्याकडून हक्क घ्यायचे तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतरण लागतं आणि त्यावर देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही लागते. पैसे दिल्याची पावती म्हणजे हस्तांतरण नव्हे. मेलवरचं 'मान्य आहे' सहीच्या जागी धरता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण पुस्तक छापून झाल्यावर त्या वादात कशाला शिरायचं?

त्याच कलमात मुदत आणि प्रदेश लिहायला सांगितलंय. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतात. मराठी पुस्तक लोक अमेरिकेत, इंग्लंडमध्येही मागवतात. दोन ओळी लिहिल्या की झालं.

आणखी एक. हक्क विकत घेतले तरी कलम ५७ प्रमाणे 'हे काम माझं आहे' असं म्हणायचा अनुवादकाचा हक्क उरतो. नाव लावायचं की नाही, कसं लावायचं, हे म्हणूनच त्याच कागदावर ठरवून घ्या.

गंमत अशी की दोघंही अडकलेले आहात. ताईंच्या प्रकरणांवर हक्क त्यांचा, पण मूळ पुस्तकाचे मराठी हक्क तुमच्याकडे. तुमच्याशिवाय त्यांना ती कुठे छापता येत नाहीत. त्यांच्या सहीशिवाय तुम्हाला छापता येत नाहीत. म्हणजे दोघांनाही तडजोडीची गरज आहे, आणि याचसाठी ८,७०० कडे नुसतं देणं म्हणून बघू नका.

उमा_नगर

मी यातून गेले आहे, दुसऱ्या बाजूने. म्हणून लिहिते.

एका प्रकाशकाने बारापैकी पाच प्रकरणांनंतर मला थांबवलं. फोनवर सांगितलं, 'तुमची भाषा जमत नाहीये, आम्ही नव्याने करून घेतोय.' पाचांपैकी दोन 'नाकारली' म्हणून तीन प्रकरणांचेच पैसे दिले. मला वाईट वाटलं, पण म्हटलं भाषा नाही आवडली तर नाही आवडली. दीड वर्षाने पुस्तक आलं. दुकानात उभ्याने चाळलं. नाकारलेल्या चौथ्या प्रकरणात एक वाक्य होतं, 'विहिरीच्या तळाशी पाणी नव्हतं, पाण्याची आठवण होती.' मूळ इंग्रजी वाक्य अगदी साधं होतं, ते असं वळवायला मी आख्खी दुपार घातली होती. ते जसंच्या तसं छापलेलं. पुढचा परिच्छेदही माझाच. नाव दुसऱ्याचं.

पैसे किती बुडाले ते आता आठवतही नाही. ते वाक्य आठवतं.

म्हणून धागाकर्त्यांना एवढंच विचारते. सातवं-आठवं तुम्ही वापरणार आहात की नाही? वापरणार असाल तर ते 'झालेलं' आहे, पूर्ण पैसे द्या आणि नाव द्या. वापरणार नसाल तर परत केलंय असं लिहून द्या, तुमच्या संगणकावरून काढा आणि नव्या अनुवादकाला दाखवूसुद्धा नका. अधलंमधलं काही नको.

रेवा_प

उमाताई, वाचून कसंतरी झालं.

फर्मा_सोळा

उमाताईंचं म्हणणं पटलं. पण 'झालेलं' ठरवायच्या आधी ते खरंच झालंय का हेही बघावं लागतं. थकलेला माणूस परिच्छेद गाळतो. हे मी वाईट बोलत नाही, जुळणीत मीही ओळी गाळल्या आहेत.

तासाभरात कळतं ते असं. प्रत्येक प्रकरणाचे मूळ शब्द आणि मराठी शब्द शेजारी मांडा आणि प्रमाण काढा. धागाकर्त्यांच्या पहिल्या सहांचं ३१,००० ला २५,४००, म्हणजे ८२ टक्के. सातव्या-आठव्याचं तेवढंच आलं तर बरं. एकदम खाली आलं तर काहीतरी गळलंय. मग परिच्छेद मोजा, मुळात किती, मराठीत किती. सापडतंच.

त्यानंतर आकडे आणि नकार. मुळातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि मराठीत तोच आहे का बघा. भूजलाच्या पुस्तकात फूट-मीटरची गल्लत झाली तर लेखक तोंडघशी. आणि नकारार्थी वाक्यं, घाईत तीच उलटी होतात.

मिरजेचा_मुक्काम

फर्मा, काल रात्री बसून केलं. सातव्याचे मराठी शब्द ४,३००, म्हणजे ८३ टक्के. आठव्याचे ३,५००, म्हणजे ७३.

आठव्याचे परिच्छेद मोजले. मुळात ६१, मराठीत ५५. बोअरवेलमुळे शेजारच्या विहिरीची पातळी कशी उतरते ते सांगणारे सलग पाच परिच्छेद नाहीत, पुढे आणखी एक नाही. बाकी जे आहे ते चांगलं आहे. सातवं तर सहाव्यापेक्षा सरस आहे. अकरा आठवडे ते मी उघडलं नव्हतं.

आणि एक गोष्ट सापडली. तिसऱ्या प्रकरणात 'अ‍ॅक्विफर'साठी त्यांनी 'जलभृत' लिहिलंय, सातव्यात 'जलधर'. बायको म्हणाली चूक आहे, एक काहीतरी हवं.

मीनल_ठाणे

चूक नसेलही. 'जलधर' आपल्याकडे भूजलाच्या सरकारी कामात चालतो. बहुधा त्यांना तो नंतर सापडला असेल आणि शेवटच्या हातात मागचे बदलणार असतील. मी तसंच करते, बाजूच्या वहीत लिहून ठेवते: 'मागे जाऊन जलभृत बदल.' म्हणूनच म्हटलं, शेवटचा हात हे खरं काम असतं आणि काय बदलायचं ते फक्त तिच्या वहीत असतं.

त्यांच्याकडे शब्दसूची आहे का, विचारा.

दुसरा_पाट

मी अशी अर्धवट पुस्तकं दोनदा पूर्ण केलीत, म्हणून माझी बाजू.

कोणी आठ प्रकरणांनंतर माझ्याकडे आलं की पहिला प्रश्न शब्दसूचीचा. ती असेल तर मी नेहमीच्या दरात करतो. नसेल तर मागची आठ प्रकरणं मुळाशी ताडून मलाच सूची बनवावी लागते, त्याला दोन आठवडे जातात आणि त्याचे पैसे मी वेगळे मागतो. तेव्हा धागाकर्ते, सूची म्हणजे फुकटात मागायची वस्तू नाही. तुमचे नव्या माणसाचे पैसे त्यातून वाचतात.

नववं निम्मं प्रकरण मात्र घेऊ नका. कच्चा खर्डा सुधारण्यापेक्षा कोरं करणं सोपं. दुसऱ्याचं अर्धं वाक्य समोर असलं की आपलं सुचत नाही. त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या, त्याचे पैसेही नकोत.

मीनल_ठाणे

घेऊ नका हे ठीक. पण पैसे नकोत कसे? नववं त्यांनी तुमच्याच सांगण्यावरून सुरू केलं होतं. २,५०० शब्दांचं काम त्यांनी केलंय. थांबवायचा निर्णय तुमचा.

दुसरा_पाट

मग 'झालेला भाग' या शब्दाला अर्थ काय उरला? सुतार अर्धी खुर्ची सोडून गेला तर दोन पायांचे पैसे देतो का आपण?

मीनल_ठाणे

सुतार सोडून गेला तर नाही देणार. तुम्ही त्याला अर्ध्यात उठवलंत तर?

वकीलतात्या

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. करार कायद्याच्या कलम ७० चा ढोबळ अर्थ असा की फुकट करायचा हेतू नसताना कोणी तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, तर मोबदला द्यावा लागतो. कच्चं नववं तुम्ही घेतलंच नाही तर त्याचा फायदा तुम्हाला झाला नाही, त्या वाटेने पैसे मागता येणार नाहीत. पण थांबवणं चुकीचं ठरलं तर भरपाईच्या वाटेने मागता येतील. म्हणून पुन्हा तेच, राजीखुशीने कागद करा.

सांगलीकर_जुना

इतका वेळ वाचतोय. मी ज्या दोन अनुवादकांना 'हिशोब पूर्ण' म्हणून पत्र पाठवलं होतं, त्यातल्या एकाची सहा प्रकरणं मी छापली आहेत. सही घेतलेली नाही. पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघायची आहे. तात्या, आता काय करू?

वकीलतात्या

फोन करा. आजच. राहिलेले पैसे देऊन आता हस्तांतरणावर सही घ्या, त्यात आधीच्या आवृत्त्यांचाही स्पष्ट उल्लेख करा. तिसऱ्या आवृत्तीत नाव घाला.

मिरजेचा_मुक्काम

मंडळी, काल ताईंना फोन केला. आधी मीच बोललो, सातवं-आठवं वाचायला उशीर केला ही माझी चूक हे सांगितलं. त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मला वाटलं तुम्हाला आवडलं नाही, म्हणून नववं हातातून सुटेना.' म्हणजे वेग माझ्यामुळेही मंदावला होता. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पुढची दहा प्रकरणं पाच महिन्यांत होणार का, असं विचारलं. त्या प्रामाणिकपणे नाही म्हणाल्या, घरचं आजारपण संपलेलं नाही. तेव्हा थांबायचं दोघांच्या मताने ठरलं.

ठरलं ते असं. आठव्यातले गळलेले सहा परिच्छेद त्या दहा दिवसांत देतील. औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहून फोनवर टाइप केलं होतं, तिथे गळले असणार, असं म्हणाल्या. ते आले की आठ प्रकरणांचे इंग्रजी शब्दांवर पूर्ण पैसे, म्हणजे ८,७००. शेवटच्या हाताचं कापत नाही. त्याऐवजी त्या 'मागे जाऊन बदलायच्या' नोंदी देतील. शब्दसूची त्यांच्याकडे आहे, ३४० शब्दांची, एक्सेलमध्ये, प्रत्येक शब्दापुढे तो का निवडला तेही लिहिलेलं. 'जलधर'पुढे लिहिलंय, 'विहीर खोदणारे हाच म्हणतात.' तिचे २,००० वेगळे. मिळून १०,७००, सहीच्या दिवशीच.

सूचीचे पैसे त्या नको म्हणत होत्या. दुसरा_पाट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा घेतले.

उमा_नगर

नाव?

मिरजेचा_मुक्काम

तेवढंच अडलंय. माझं म्हणणं, आतल्या पानावर दोघांची नावं आणि कुठली प्रकरणं कोणाची तेही. मुखपृष्ठावर दोन नावं लावायची तर नवे अनुवादक नाखूष आहेत, त्यांचं म्हणणं दहा प्रकरणं आणि संपूर्ण पुस्तकावरचा शेवटचा हात त्यांचा. ताई म्हणतात, माझ्या प्रकरणांवर दुसऱ्याचा हात फिरणार असेल तर एकदा मला दाखवा, मग नावाचं सांगते. मूळ प्रकाशकालाही विचारायला हवं, त्यांच्या करारात अनुवादकाचं नाव कळवायची अट आहे.

दुसरा_पाट

दाखवणं योग्य आहे, पण किती दिवसांत परत द्यायचं ते लिहा. पंधरा दिवस पुरे.

उमा_नगर

पंधरा दिवस चालतील. पण मुखपृष्ठावर दोघांची नावं हवीत. ४१,००० शब्द म्हणजे पुस्तकाचा ४३ टक्के भाग आहे. ते आतल्या पानावर सात पॉइंटच्या बारीक टायपात नको.

फर्मा_सोळा

मुखपृष्ठावर दोन नावं एका ओळीत सहज बसतात. नावांची लांबी कळवा, मी मांडून दाखवतो, पैसे नको.

मिरजेचा_मुक्काम

तात्या, कागदाचा मसुदा असा केलाय, काही राहिलंय का बघा:

'प्रकरण १ ते ८ चा मराठी अनुवाद श्रीमती ___ यांनी केला आहे. त्याचे पुस्तकरूपाने व ई-पुस्तकरूपाने प्रकाशनाचे हक्क त्या ___ प्रकाशनास, मूळ पुस्तकाच्या मराठी हक्कांची मुदत असेपर्यंत, जगभरासाठी देत आहेत. मोबदला २८,७०० रुपये. पैकी २०,००० पूर्वी मिळाले, ८,७०० आज मिळाले. शब्दसूचीचे २,००० वेगळे मिळाले. प्रकरण ९ चा खर्डा प्रकाशनाने घेतलेला नाही व वापरणार नाही. उरलेले काम दोघांच्या संमतीने थांबवले आहे. अनुवादात बदल केल्यास छापण्यापूर्वी त्यांना दाखवला जाईल, त्यांनी १५ दिवसांत कळवावे. नाव ___ असे छापले जाईल.'

वकीलतात्या

चांगला आहे. एक वाक्य वाढवा: प्रकाशनाने छापलं नाही तर हक्क कधी परत जातील. तारीख घाला. काहीच लिहिलं नाही तर कलम १९ प्रमाणे एक वर्षात हक्क वापरले नाहीत की हस्तांतरण संपलं असं धरतात, आणि तुमचे मूळ कराराचे दहा महिने उरलेत. पुस्तक दोन-तीन महिने लांबलं तर गोंधळ नको. आणि दोन प्रती, दोघांच्या सह्या, प्रत्येक पानावर.

शेवटून दुसरी मोकळी जागा भरल्याशिवाय सही करू नका.

मिरजेचा_मुक्काम

नावाची ना?

वकीलतात्या

शेवटची नावाची. शेवटून दुसरी तुमच्या प्रकाशनाची, तीही तुम्ही मोकळीच ठेवली आहे. दोन्ही भरा.

मीनल_ठाणे

आणि नवव्याचं माझं म्हणणं अजून तेच आहे. तुम्ही दोघांनी ठरवलंत, मी मध्ये पडत नाही. पण २,५०० शब्द त्यांनी केले होते.

मिरजेचा_मुक्काम

तात्या, प्रकाशनाचं नाव भरलं. नाव छापायची जागा अजून मोकळी आहे. रविवारी ताईंकडे जातोय, नवे अनुवादकही येतायत. फर्मा, रविवारपर्यंत दोन नावांचं मुखपृष्ठ मांडून पाठवाल का? समोर ठेवून बोललेलं बरं पडेल. मीनलताई, नवव्याचंही तिथे पुन्हा काढतो.